व्हीलचेअरवरच्या बाईंची साडी : एका चित्रतक्त्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

प्राथमिक शाळांच्या भिंतींवर लावायच्या चित्रतक्त्यांचं एक काम एका संस्थेकडून आमच्या छोट्या चित्र-स्टुडिओकडे आलं होतं. त्यातल्या एका तक्त्यात वर्ग भरलेला दाखवायचा होता. फळ्याजवळ व्हीलचेअरवर बसलेल्या बाई, पुढच्या बाकावर गणवेशातला एक मुलगा, आणि दाराशी खुर्चीवर बसलेली कुणाची तरी आजी. बाईंना साडी हवी, तीही रोजच्या वापरातली सुती, रुंद काठाची, असं संस्थेनं स्पष्ट सांगितलं होतं. कारण साधं होतं. ज्या गावांमध्ये हे तक्ते जाणार होते तिथल्या शाळांत बाई म्हटलं की साडीच डोळ्यांसमोर येते.

चित्र काढणारा मुलगा हाताचा चांगला होता. माणसं उभी, चालणारी, वाकलेली अशी झरझर काढायचा. माझ्याकडे तपासणी आणि संस्थेशी बोलणी एवढं काम होतं. संस्थेनं प्रत्येक तक्ता एका परीक्षक गटाकडून बघून घ्यायचं ठरवलं होतं. त्या गटात एक माध्यमिक शिक्षिका होत्या. मणक्याच्या दुखापतीनंतर गेली कित्येक वर्षं त्या व्हीलचेअर वापरत होत्या आणि शाळेत रोज साडी नेसून जात होत्या. इथून पुढे त्यांना ताई म्हणतो.

अडचण काय होती

पहिलं रंगीत चित्र ताईंकडे गेलं. त्यांचा फोन आला तो थेट मुद्द्यावरच. "चित्र छान आहे हो, पण या बाई खुर्चीवर बसलेल्या नाहीत. उभ्या बाईंना गुडघ्यात मुडपून खुर्चीवर ठेवलंय. आणि पहिल्या दहा पावलांत यांचा पदर चाकात जाणार."

चित्र पुन्हा समोर घेऊन बसल्यावर त्या काय म्हणताहेत ते दिसायला लागलं. निऱ्या बेंबीपासून निघून सरळ पावलांपर्यंत पंख्यासारख्या पसरल्या होत्या. मध्ये मांडी आहे, तिच्यावर कापड आडवं पडतं आणि गुडघ्यावरून वळून मग खाली उतरतं, याचा मागमूस नव्हता. साडीचा खालचा काठ जमिनीला समांतर, एका रेषेत होता, तोही उभ्या बाईच्या टाचेच्या उंचीवर. पावलं मात्र फूटरेस्टवर होती, म्हणजे जमिनीपासून चांगली वर. त्यामुळे काठ पावलांच्या खाली हवेत लोंबत होता. पदर डाव्या खांद्यावरून मागे जाऊन खुर्चीच्या पाठीबाहेर, मोठ्या चाकाच्या आऱ्यांजवळ झुळझुळत होता. मांडीच्या बाजूनं साडीचा घेर हातटेकूवरून बाहेर सांडला होता.

दाराशी बसलेल्या आजींच्या साडीतही हीच गोष्ट होती, पण तिथं डोळ्यांना खुपत नव्हती. साध्या खुर्चीत पाय जमिनीवर असतात, त्यामुळे उभ्या माणसाची सवय तिथं कशीबशी खपून जाते. व्हीलचेअरमध्ये ती लगेच उघडी पडते.

कोणकोणते मार्ग होते

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे बाईंना पंजाबी ड्रेस घालायचा. चित्रकाराचा कल तिकडेच होता, आणि त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. व्हीलचेअर वापरणाऱ्या पुष्कळ बायका सोयीसाठी तोच पोशाख घालतात. कुडत्याची बाजूची चीर बसल्यावर उघडते, पुढचा पन्हा मांडीवर पडतो, मागचा बुडाखाली सपाट राहतो. काढायलाही तो बेताचाच अवघड. ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "ड्रेस दाखवा की, माझी ना नाही. पण साडी नीट काढता येत नाही म्हणून ड्रेस दाखवताय, हे मला पटत नाही." तो मार्ग तिथंच संपला.

दुसरा मार्ग आहे त्या चित्रात डागडुजी करायचा. काठ थोडा वर घ्यायचा, पदर पुढे वळवायचा, मांडीवर चार आडव्या चुण्या टाकायच्या. यात अर्ध्या दिवसाचं काम होतं. धोका असा, की चुण्या कुठून निघतात आणि कशामुळे थांबतात हे ठाऊक नसताना टाकलेल्या रेघा शोभेच्याच होतात.

तिसरा मार्ग संगणकावर त्रिमित आकृती करून तिला कापड नेसवायचा. स्टुडिओतल्या एकाला त्यासाठीचं ब्लेंडर सॉफ्टवेअर येत होतं. घेरदार परकर किंवा चादर असती तर आम्ही तेच केलं असतं. निऱ्यांच्या साडीत मात्र कापडाचे सहा-सात थर एकमेकांवर बसलेले असतात, वरून ते कमरेला खोचलेले असतात, आणि थर एकमेकांतून आरपार जाऊ न देता त्यांना स्थिर करणं हे खुद्द चित्रापेक्षा मोठं काम होऊन बसतं. एका तक्त्यासाठी ते परवडणारं नव्हतं.

चौथा मार्ग म्हणजे खऱ्या खुर्चीत, खऱ्या साडीत बसलेल्या माणसाचे फोटो काढायचे आणि टेप लावून मापं घ्यायची. तो आम्ही निवडला. त्यातला खरा निर्णय पुढेच होता: बसवायचं कुणाला?

पहिला प्रयत्न : स्टुडिओतली सहकारी

एक व्हीलचेअर दोन दिवसांसाठी मागून आणली आणि स्टुडिओतल्या एका सहकारी बाईंना साडी नेसून तिच्यात बसवलं. फोटो आले, आणि त्यांचा उपयोगही झाला. कारण कापडाचा हिशोब तिथंच पहिल्यांदा लागला.

त्या उभ्या असताना कमरेच्या पुढच्या बाजूपासून जमिनीपर्यंत साडी 99 सेंटीमीटर होती. बसल्यावर टेप अंगावरून, कापड जसं जाईल तसा फिरवला. कमरेपासून पोट आणि मांडीच्या सांध्यापर्यंत 9, तिथून मांडीवरून गुडघ्यापर्यंत 34, आणि गुडघ्यापासून फूटरेस्टच्या पाटीपर्यंत 46. बेरीज 89. म्हणजे पुढच्या बाजूला 10 सेंटीमीटर कापड उरतं. उभ्या माणसाची साडी बसलेल्या माणसाला पुढून लांब होते.

मागच्या बाजूला उलटा प्रकार असतो. कमरेपासून बुडाला वळसा, मग मांडीखालून गुडघ्याच्या खोबणीपर्यंत, मग खाली. हा वळसा बाहेरचा असल्यामुळे कापड जास्त लागतं आणि मागचा काठ वर ओढला जातो. त्यामुळे बसलेल्या बाईचा साडीचा काठ जमिनीला समांतर कधीच नसतो. पुढे तो खाली असतो, पोटऱ्यांकडे जाताना वर चढतो. बाजूनं पाहिलं तर ही तिरकी रेघ स्पष्ट दिसते, आणि आमच्या पहिल्या चित्रात नेमकी तीच नव्हती.

उरलेलं 10 सेंटीमीटर कापड जातं कुठं, यावर सगळी साडी ठरते. काही पोट आणि मांडीच्या कोपऱ्यात चेपून आडव्या चुण्यांत जातं, काही मांडीवर सैल झोळ होऊन पडतं, आणि राहिलेलं पावलांवर उतरतं. साध्या खुर्चीवर बसताना बायका निऱ्या हातानं किंचित उचलून मग बसतात, ते याच उरलेल्या कापडासाठी. उचललेलं कापड मांडीच्या कोपऱ्यात ठेवलं जातं आणि काठ पावलांच्या वर राहतो.

शेजारी लाकडी खुर्ची ठेवून त्याच साडीत त्यांना तिच्यावरही बसवलं, आजींच्या चित्रासाठी. दोन खुर्च्यांमधला फरक मी इतका ढळढळीत असेल असं समजत नव्हतो. लाकडी खुर्चीत माणूस पाय थोडे आत घेऊन बसतो. त्यामुळे कापड गुडघ्यावर टेकतं आणि तिथून सरळ खाली लोंबतं. बाजूनं पाहिलं तर नडगी आणि साडी यांच्यात फट दिसते, निऱ्या नळ्यांसारख्या उभ्या उतरतात. आमच्या साध्या, दवाखान्यात असते तशा व्हीलचेअरचे फूटरेस्ट मात्र पुढे तिरके निघालेले होते. नडगी पुढे कललेली, म्हणून कापड लोंबत नाही, नडगीवर रेलतं. निऱ्यांच्या नळ्या चपट्या होतात आणि काठ पायाच्या वरच्या भागावर येऊन मोडतो. तीच साडी, तीच बाई, आणि गुडघ्याखाली दोन अगदी वेगळी चित्रं.

हे फोटो ताईंना दाखवले. त्यांनी दोन मिनिटं पाहिले आणि विचारलं, "या चालतात ना?" कसं ओळखलं, तर पावलांवरून. सहकारी बाईंनी नकळत पाय फूटरेस्टवर रोवले होते, टाचा दाबल्या होत्या, एक गुडघा जरा बाहेर. पाठ ताठ होती, हात मांडीवर गुंतवून ठेवलेले. ज्यांच्या पायांत ताकद नसते त्यांची पावलं ठेवलेली असतात, रोवलेली नसतात. मांड्या आणि पोटऱ्या बारीक झालेल्या असतात, त्यामुळे गुडघ्याच्या वाट्या वर उठून दिसतात आणि त्यांच्या दोन्ही अंगांना कापड आत पडतं. कमरेचा भाग मागे झुकलेला असतो, पाठीला किंचित बाक येतो, आणि पोटापुढचं कापड आणखी आखूड जागेत कोंबलं जातं. ही सगळी माहिती चुण्यांत उतरते. सहकारी बाईंच्या फोटोंत ती असणं शक्यच नव्हतं.

निर्णय : ताईंचेच फोटो

ताईंना विचारावं की नाही यावर आमच्यात बराच वेळ गेला. परीक्षक म्हणून बोलावलेल्या माणसाला नमुना म्हणून बसवणं बरं दिसत नाही, असं संस्थेतल्या एकांचं मत होतं. शेवटी विचारणंच योग्य असं ठरलं, आणि नाही म्हणायची मोकळीक ठेवून विचारलं. ताई हो म्हणाल्या. अटी त्यांच्या होत्या: चेहरा येणार नाही, साडी त्यांना रोज मदत करणाऱ्या मावशीच नेसवतील, फोटो त्यांच्या घरी काढायचे, आणि काम झालं की मूळ फोटो पुसायचे. मानधन संस्थेनं दिलं.

घरी गेल्यावर पहिलीच गोष्ट कळली ती अशी, की त्यांची रोजची साडी आमच्या हिशोबातली नव्हतीच. निऱ्या त्यांनी शिंप्याकडून पट्ट्यावर शिवून घेतल्या होत्या. पट्टा कमरेला बांधला की निऱ्या जागेवर. आणि पुढची उंची शिंप्याला मुद्दाम कमी करायला सांगितली होती. किती, ते मावशींनी हाताची चार बोटं आणि वर आणखी थोडं असं दाखवलं. टेप लावला तर 9 सेंटीमीटरच्या आसपास भरलं. आम्ही कागदावर जे 10 सेंटीमीटर उरलेलं काढलं होतं ते त्यांनी कापडातूनच वजा करून टाकलं होतं.

"काठ फूटरेस्टच्या पाटीला टेकला की संपलं," ताई म्हणाल्या. "पाटीखाली गेला तर पुढच्या छोट्या चाकात येतो." म्हणून त्यांचा काठ घोट्याच्या जरा वर थांबत होता आणि चपलेचा पट्टा पूर्ण दिसत होता. चित्रकारानं हे पाहिलं आणि जागेवरच वहीत पाऊल, चपलेचा पट्टा आणि काठ एवढंच तीन-चार वेळा काढून घेतलं.

दुसरी गोष्ट बुडाखालची. ज्यांना कमरेखाली स्पर्श कळत नाही त्यांच्यासाठी बसल्या जागी कापडाची घडी, जाड शिवण किंवा पिन असणं धोक्याचं असतं. दाब एका रेषेवर येतो, कळत नाही, आणि कातडीला जखम होते. ती भरायला महिने लागू शकतात. म्हणून मावशी साडीचा मागचा भाग हातानं ताणून सपाट करतात, मगच ताई टेकतात. चित्राच्या दृष्टीनं याचा अर्थ असा, की मांडीखालून एकही चुणी बाहेर यायला नको. आमच्या पहिल्या चित्रात गादीच्या कडेला कापडाचा गुंता दाखवला होता. चित्रकाराला तो नैसर्गिक वाटला होता. जाणकार माणसाला तो बघून काळजी वाटली असती.

बाजूलाही तसंच. मांडी आणि चाक यांच्यामध्ये हातटेकूखाली एक पाटी असते. ती कपडे चाकात जाऊ नयेत म्हणूनच असते. साडीचा घेर मांडी आणि ती पाटी यांच्या फटीत खोचलेला होता, बाहेर कणभरही नाही. तिथं मांडीच्या वरच्या कडेला कापडाची एकच ताणलेली रेघ जाते, कमरेच्या बाजूकडून निघून गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला पोचते. ती तिरकी ताण-रेघ एकदा काढली की माणूस खुर्चीत बसलेला दिसतो. ती नसेल तर खुर्चीपुढे चिकटवलेला दिसतो.

पदराचं उत्तर मावशींनी न विचारताच दिलं. खांद्यावर घड्या घालून एक पिन, मग पदर पाठीमागून उजव्या काखेखालून पुढे आणायचा आणि टोक डाव्या कमरेला खोचायचं. काम करणाऱ्या बायका नेहमी घेतात तसाच. खुर्चीच्या पाठीला टेकणारा पट्टा मात्र रुंद आणि सपाट ठेवायचा, दोरीसारखा पिळू द्यायचा नाही. आणि छातीवर कापड जरा सैल, कारण चाकाच्या बाहेरची कडी ढकलताना दोन्ही खांदे मागे-पुढे होतात. पदर ताठ बसवला तर पहिल्या ढकल्यातच खांद्यावरची पिन ओढते.

फोटो काढताना एक अडचण आली, तिचा पुढे फायदा झाला. दर पंधरा-वीस मिनिटांनी ताई दोन्ही हातांवर जोर देऊन बूड उचलायच्या, थोडा वेळ तशाच राहायच्या आणि मग टेकायच्या. दाब सुटावा म्हणून हे करावंच लागतं. त्यानंतर साडी बदललेली असायची. एका बाजूला काठ बोटभर वर, मांडीवरचा झोळ डावीकडे सरकलेला. सुरुवातीला आम्ही दरवेळी नीट करायला सांगत होतो. नंतर लक्षात आलं, की दुपारी वर्गात बसलेल्या बाईंची साडी अशीच असणार. शेवटी निवडलेले फोटो या उचलण्यानंतरचेच होते.

चित्र पुन्हा काढताना

नवं चित्र जवळजवळ समोरून, किंचित डावीकडून होतं, आणि पाहणाऱ्याची नजर बाकावरच्या मुलाच्या उंचीवर. या कोनातून मांडीची 34 सेंटीमीटर लांबी दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. ती दोन-तीन आडव्या पट्ट्यांत दबते. म्हणून निऱ्या कमरेपाशी दिसतात, मांडीवर जवळजवळ गायब होतात, आणि गुडघ्याच्या कडेवरून पुन्हा सुरू होतात. चित्रकाराला हे पचायला वेळ लागला. रेघ मध्येच तोडायला हात धजत नाही. तोडली, आणि मांडी एकदम पुढे आली.

दोन गुडघ्यांमध्ये निऱ्यांचा गठ्ठा वजनानं खाली बसतो आणि तिथं दरी तयार होते. प्रत्येक गुडघ्यावरून दरीकडे झोळ उतरतात. त्यामुळे खालचा काठही मध्यभागी किंचित खाली आणि दोन्ही नडग्यांवर किंचित वर, असा लहरत जातो. इथं रुंद काठ फार कामाला आला. काठाची रुंदी कापडावर सगळीकडे सारखीच असते, त्यामुळे चित्रात तो जिथं अरुंद दिसतो तिथं कापड नजरेपासून वळलं आहे आणि जिथं पूर्ण रुंद दिसतो तिथं ते समोर आहे, हे पाहणाऱ्याला न सांगता कळतं. चित्रकारानं आधी फक्त काठ काढला, पूर्ण, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, प्रत्येक निरीत आत-बाहेर जाताना. मग त्याच्या वरच्या चुण्या काठाच्या वळणांतून वर नेल्या. उलट क्रमानं, म्हणजे आधी चुण्या आणि मग खाली काठ चिकटवला, तर दोन्ही जुळत नाहीत हे पहिल्या चित्रात दिसलंच होतं.

मग एक वाद झाला. फोटोंवरून काढलेल्या कच्च्या चित्रात चुण्या इतक्या झाल्या की तक्त्याच्या मापात बाई काळवंडल्या. छापील तक्त्यात त्यांची उंची जेमतेम वीतभर. चित्रकाराचं म्हणणं, सगळ्या खऱ्या आहेत, काढल्याच पाहिजेत. माझं म्हणणं, खऱ्या आहेत पण सगळ्या सांगत काही नाहीत. शेवटी प्रत्येक रेघेला विचारत गेलो, की तू कुठून निघालीस आणि कुठं अडकलीस. पोट-मांडीच्या कोपऱ्यातल्या आडव्या चुण्या राहिल्या. बाजूची तिरकी ताण-रेघ राहिली. गुडघ्यांचे दोन मोड, मधली दरी आणि काठाचं वळण राहिलं. छातीवर उजव्या कमरेकडून डाव्या खांद्याकडे जाणाऱ्या तीन रेघा राहिल्या, त्याही पाठीच्या बाकामुळे खालच्या टोकाला जरा दाटलेल्या. बाकीच्या पुसल्या. कापड सुती असल्यामुळे राहिलेल्या चुण्यांचे मोड टोकदार ठेवले. मऊ रेशमी किंवा जॉर्जेट असती तर तेच मोड गोल काढावे लागले असते.

बाकावरच्या मुलाच्या पँटचं काम वेगळं निघालं, आणि इथं साडीचा नियम जसाच्या तसा लावला असता तर फसलो असतो. साडीचा पुढचा काठ बसल्यावर खाली येतो, पँटची मोहरी वर जाते. पँटचा पाय म्हणजे बंद नळी. मांडीखालचं कापड दाबलेलं, जांघेतलं चुण्यांत अडकलेलं, आणि गुडघ्याच्या वाटीवरून वळायला वरून जास्तीचं कापड मिळत नाही, म्हणून ते खालून ओढलं जातं. आमच्याकडच्या एका मुलाला बसवून पाहिलं तर मोहरी चांगली पाच-सहा सेंटीमीटर वर गेली आणि मोजे दिसले. पहिल्या चित्रात ती बुटांना टेकलेली होती. व्हीलचेअर वापरणाऱ्यांसाठी पँट शिवताना पायाची लांबी वाढवतात, मागची उंची जास्त आणि पुढची कमी ठेवतात, ते याचसाठी.

निष्पत्ती

दुसरं चित्र ताईंनी मंजूर केलं, दोन खुणा करून. एक, चाकाच्या कडीवरचा हात जिथं होता तिथं पदराची कड त्याच्या फार जवळ येत होती, ती आत घ्यायला सांगितली. दुसरी खूण फूटरेस्टवर होती. चित्रकारानं दोन्ही पावलं अगदी समांतर ठेवली होती. ताईंनी उजवं पाऊल बोटभर बाहेर वळवायला सांगितलं. ते वळवल्यावर उजव्या नडगीवरची निरीही थोडी उघडली, आणि ती दुरुस्ती चित्रकारानं आपणहून केली.

आजींच्या साडीतही बदल झाला. लाकडी खुर्चीच्या फोटोंवरून नडगी आणि कापड यांच्यातली फट आणि मागे चढत जाणारा काठ घेतला. तिथं कुणीच काही खूण केली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मापं आधी घ्यायला हवी होती. टेपच्या तीन आकड्यांनी जे कळलं ते पहिलं कच्चं चित्र काढण्याआधी अर्ध्या तासात कळण्यासारखं होतं. आता बसलेली कुठलीही आकृती असो, चित्रकार आधी बाजूनं एक काडीचा माणूस काढतो, त्यावर कापडाची वाट रेघेनं दाखवतो, आणि पुढे किती उरलं, मागे किती कमी पडलं ते लिहून ठेवतो. मगच समोरून चित्र.

ताईंना परीक्षक म्हणून शेवटी बोलावण्याऐवजी कच्च्या चित्राच्या वेळीच बोलावलं असतं तर पंजाबी ड्रेसचा वादही झाला नसता. सहकारी बाईंच्या फोटोंवर गेलेला वेळ मात्र मी वाया गेलेला मानत नाही. कापडाचा हिशोब कुणालाही बसवून लागतो. चुण्यांचा स्वभाव ज्या शरीराचं चित्र आहे त्याच शरीरावर बघावा लागतो. दोन्ही वेगवेगळ्या बैठका धरूनच वेळापत्रक आखायला हवं होतं.

फोटोंचा कोनही चुकीचा होता. आम्ही उभं राहून काढले, चित्र मात्र बसलेल्या मुलाच्या नजरेतून होतं. उभ्या नजरेला मांडी लांब दिसते, बसलेल्या नजरेला आखूड. त्यामुळे मांडीचा भाग फोटोवरून न घेता अंदाजानं बसवावा लागला, आणि नीट पाहिलं तर छापील तक्त्यात डावी मांडी उजवीपेक्षा किंचित लांब वाटते.

संस्थेनं पुढच्या तक्त्यासाठी नऊवारीतल्या आजी व्हीलचेअरवर मागितल्या आहेत. तिथं कासोटा मागे खोचलेला असतो, म्हणजे नेमकी बुडाखाली आणि पाठीशी कापडाची जाड गाठ. ती तशीच दाखवली तर ताईंनी सांगितलेली दाबाची अडचण उभी राहते, आणि काढून टाकली तर ती नऊवारी राहत नाही. मावशींच्या ओळखीच्या एक आजी अर्धांगानंतर व्हीलचेअरवर नऊवारीच नेसतात असं कळलं आहे. त्या नेमकी कशी नेसतात ते बघून मगच पेन्सिल हातात घ्यायची, एवढं ठरलं आहे.